शून्य का ठेवले होते? तिकिटावरच्या कमेंटमधला निर्णय आणि त्याचे कारण

परदेशात येऊन या टीममध्ये रुजू झालो तेव्हा माझे सहकारी तीन वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये विखुरलेले होते. एखादी गोष्ट अमुक पद्धतीनेच का केली आहे, हे शेजारच्या टेबलावर जाऊन विचारण्याची मला सवय होती. इथे मात्र माझा प्रश्न समोरच्याच्या मध्यरात्री पोहोचत असे आणि उत्तर यायला दुसरा दिवस उजाडत असे. तरीही तिकीट बंद करताना शेवटची कमेंट मी जुन्याच सवयीने लिहीत राहिलो: ‘मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे बदल केला आहे.’ या वाक्यात काय कमी होते ते मला नऊ महिन्यांनी कळले.

आमची ऑर्डर स्वीकारणारी प्रणाली, ग्राहकाने खरेदी पक्की केली की, गोदाम सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला माल राखून ठेवण्याची विनंती पाठवते आणि उत्तरासाठी 10 सेकंद थांबते. तेवढ्या वेळात उत्तर आले नाही तर आमच्या लॉगमध्ये `Read timed out` अशी ओळ उमटते. अशा वेळी विनंती आपोआप पुन्हा पाठवायची का आणि किती वेळा, हे सेटिंग्जच्या फाइलमधली एक ओळ ठरवते:

```
reserve_max_retries: 0
```

हे शून्य मीच लिहिले होते आणि त्याला सबळ कारण होते. आपल्याला उत्तर मिळाले नाही याचा अर्थ समोरच्याने काम केले नाही असा होत नाही. विनंती पोहोचलेली असते, माल राखूनही ठेवलेला असतो, फक्त उत्तर उशिरा निघते किंवा वाटेत हरवते. गोदामाचा सर्व्हर त्या काळी एकच ऑर्डर दुसऱ्यांदा आली तर ती ओळखत नसे, त्यामुळे विनंती पुन्हा पाठवली की त्याच ऑर्डरसाठी दुसऱ्यांदा माल अडकत असे. हे आम्ही चाचणीत पाहिले, मीटिंगमध्ये त्यावर अर्धा तास बोललो आणि मग मी तिकिटावर ते एक वाक्य लिहून मोकळा झालो.

नऊ महिन्यांनी गोदामाचा सर्व्हर मंदावला, टाइमआउट वाढले आणि नव्याने आलेल्या एका सहकारी मुलीकडे ते काम गेले. तिने शोध अगदी नीट घेतला, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. तिने आधी `git blame` चालवले, पण मधल्या काळात कोणीतरी ती सगळी फाइल नव्याने मांडली होती, त्यामुळे त्या ओळीवर मांडणी करणाऱ्याचेच नाव येत होते. मग तिने ती ओळ पहिल्यांदा कोणत्या कमिटमध्ये आली ते असे शोधले:

```
git log -S "reserve_max_retries: 0"
```

त्या कमिटच्या संदेशात तिकिटाचा क्रमांक होता. तिने तिकीट उघडले आणि तिला ‘मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे’ एवढेच मिळाले. त्या मीटिंगची टिपणे कोणी ठेवली नव्हती, चॅटमधले जुने संदेश ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जात होते आणि मी त्या आठवड्यात रजेवर होतो. शून्य हे बहुधा कोणीतरी विसरून ठेवलेले मूल्य असावे, असा तिने अंदाज केला आणि तिथे 3 लिहिले. तिच्यासमोर जेवढी माहिती होती, तेवढ्यावर मीही तेच केले असते.

दोन दिवसांत गोदामाकडून तक्रार आली की माल कपाटात दिसतो आहे, पण प्रणाली तो संपला म्हणते. राखीव मालाची यादी काढली तेव्हा अनेक ऑर्डर क्रमांक दोनदा, काही तीनदा आले होते आणि एकाच ऑर्डरच्या दोन नोंदींमधले अंतर जवळपास दर वेळी 10 सेकंदांचे होते. म्हणजे आमच्या टाइमआउटइतकेच. ग्राहकाने चुकून दोनदा बटण दाबले असते तर हे अंतर कमीजास्त झाले असते. ते इतके सारखे आहे म्हटल्यावर विनंती पुन्हा पाठवणारा आमचाच कोड आहे हे स्पष्ट झाले. शून्य परत आणले, जादा नोंदी हाताने सोडवल्या आणि त्यानंतर मी त्या जुन्या तिकिटावर, नऊ महिने उशिरा, ही कमेंट लिहिली:

‘निर्णय: माल राखण्याची विनंती `Read timed out` नंतर आपोआप पुन्हा पाठवायची नाही, `reserve_max_retries` शून्यच ठेवायचे. कारण: गोदामाचा सर्व्हर दुसऱ्यांदा आलेली तीच ऑर्डर ओळखत नाही आणि माल दुहेरी अडकतो, चाचणीतल्या दोन्ही नोंदी खाली मजकूर म्हणून चिकटवल्या आहेत. विचारात घेऊन सोडलेला पर्याय: टाइमआउट 30 सेकंद करणे, तेवढा वेळ ग्राहकाचे पान अडकून राहते. मर्यादा: जोडणीच झाली नाही तर विनंती पोहोचलेलीच नसते, त्या प्रसंगाला हा निर्णय लागू नाही. फेरविचार केव्हा: गोदामाचा सर्व्हर प्रत्येक विनंतीसोबत एक वेगळी ओळखखूण स्वीकारू लागला की. निर्णय घेणारे: ऑर्डर टीम आणि गोदामाकडचे तांत्रिक प्रमुख.’

यातला प्रत्येक भाग तिच्या त्या शोधाकडे पाहून लिहिला आहे. सेटिंगचे नाव आणि त्रुटीचा संदेश मी शब्दशः ठेवला, कारण काही महिन्यांनी शोधणारा माणूस आपल्या वर्णनाने शोधत नाही. लॉगमधली ओळ उचलून तीच शोधपेटीत टाकतो. त्याच कारणाने चाचणीचे चित्र न जोडता मजकूर चिकटवला, कारण चित्रातली अक्षरे आमच्या तिकिटांच्या शोधाला सापडत नाहीत. सोडलेला पर्याय लिहिला नसता तर पुढच्या माणसाने टाइमआउट वाढवण्यापासून पुन्हा सुरुवात केली असती. मर्यादेचे वाक्य मला त्याहूनही गरजेचे वाटते, कारण त्या वाक्याशिवाय तोच निर्णय ‘पुन्हा कधीच पाठवू नये’ असा पसरट नियम होऊन बसतो आणि जिथे पुन्हा पाठवणे निर्धोक आहे तिथेही लोक कचरतात.

फेरविचाराची अट मात्र मला पहिल्या प्रयत्नात जमली नव्हती. मी आधी ‘पुढे गरज पडल्यास पाहू’ असे लिहिले होते, पण त्यावरून कोणालाच काही तपासता येत नाही. घडली की नाही हे बाहेरून पाहता येईल, अशी घटना तिथे लिहावी लागते.

कमेंट कितीही चांगली असली तरी चाळीस कमेंटच्या तिकिटात ती मधेच बुडते, म्हणून तिचा दुवा आम्ही तिकिटाच्या वर्णनात सर्वात वर ठेवला. कोडमध्ये त्या ओळीच्या डोक्यावर ‘हे शून्य मुद्दाम आहे’ एवढे लिहून पुढे तिकिटाचा क्रमांक दिला. पूर्ण कारण तिथे लिहिले नाही, कारण दोन ठिकाणी लिहिलेले कारण बदलताना एकाच ठिकाणी बदलले जाते.

पाच महिन्यांनी गोदामाच्या सर्व्हरने ओळखखूण स्वीकारायला सुरुवात केली. त्याच सहकारी मुलीने शोधपेटीत सेटिंगचे नाव टाकले, माझी कमेंट वाचली, अट पूर्ण झाल्याचे पाहिले आणि एकच ऑर्डर त्याच ओळखखुणेसह दोनदा पाठवून नोंद एकच होते याची खात्री केली. तिने माझा मजकूर पुसला नाही. खाली नवी कमेंट लिहून मूल्य 2 का केले ते मांडले आणि माझ्या कमेंटच्या पहिल्या ओळीत ‘हा निर्णय आता लागू नाही, खालची कमेंट पाहा’ एवढी भर मला घालायला सांगितली. तिचा तो निरोप आला तेव्हा माझ्याकडे मध्यरात्र होती. सकाळी उठून ती ओळ घातली. त्यापलीकडे तिला मला काहीही विचारावे लागले नव्हते.