देणगीची स्लिप फाडून बघितली नाही म्हणून

एका शाळेच्या वाचनालयासाठी देणगी मागणारी, पहिल्या छपाईची साडेचारशे माहितीपत्रकं अजून माझ्या माळ्यावर आहेत. कागद गुळगुळीत, रंग सुरेख, आणि उपयोग शून्य. २०२४च्या गणपतीत ती वाटायची होती. वाटायला सुरुवातही झाली, आणि तिसऱ्या दिवशी थांबवावी लागली.

शाळा इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर, देपालपूरच्या बाजूला. वाचनालय म्हणजे एक खोली. छत गळतं, लाकडी कपाटांना वाळवी लागलेली. पुस्तक उघडलं की पानांमधून माती सांडते आणि मधली दहा-बारा पानं जाळीसारखी खाल्लेली दिसतात. छताची दुरुस्ती, वाळवीचं औषध, सहा लोखंडी रॅक आणि खाली बसायला दोन मोठ्या सतरंज्या, असा आमच्या न्यासाचा एकूण अंदाज १,८०,००० रुपयांचा होता. देणगी मागायची ती मुख्यतः टिळकनगर, रामबाग भागातल्या मराठी घरांत. म्हणून पत्रक मराठीत करायचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मजकुराला दोन संध्याकाळी लागल्या. पहिला मसुदा न्यासाच्या स्थापनेपासून सुरू होत होता, तो मी खोडला आणि त्या खाल्लेल्या पुस्तकापासून सुरुवात केली. सरपंचांचे दोन शब्द, अध्यक्षांचं मनोगत, सगळं काढलं. फोटो एकच ठेवला, त्याच उघड्या पुस्तकाचा.

घोळ झाला तो स्लिपमध्ये.

पत्रक ए-फोर कागदाचं, दोन घड्यांचं. म्हणजे एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन, अशी सहा पानं. देणगीदाराने भरायची स्लिप मी आतल्या बाजूच्या उजव्या पानावर ठेवली, कारण ते कडेचं पान सहज फाडता येतं. तेवढं बरोबर होतं. पण त्याच्या पाठीमागे येतं ते आत दुमडलं जाणारं पान. मुखपृष्ठ उघडताच पहिली नजर त्यावर पडते, म्हणून बँकेचा खाते क्रमांक, आयएफएससी आणि यूपीआयचा क्यूआर कोड मी तिथे टाकला. पडद्यावर दोन्ही बाजू वेगवेगळ्या दिसतात, त्यामुळे कुणाच्याच लक्षात आलं नाही. स्लिप भरून फाडून आमच्याकडे पाठवली की खाते क्रमांकही तिच्याबरोबर निघून जातो! देणगीदाराच्या हातात उरतं ते वाळवीचं चित्र.

दुसरा घोळ कागदाचा. मी प्रेसमध्ये साधा, मुलामा नसलेला मॅपलिथो कागद मागितला होता. प्रेसवाले म्हणाले, "मैडम, आर्ट पेपर पे ही रिच लगता है, सब यही लेते हैं." मी दोनदा सांगितलं की यावर लोकांना पेनाने लिहायचंय. "लिख जाएगा, लिख जाएगा." नमुना म्हणून मला संगणकावरची फाइलच पाठवली, छापलेला कागद पाठवला नाही. मीही मागितला नाही, आणि ती चूक मला पाचशे प्रतींना पडली.

टिळकनगरच्या एका काकूंनी माझ्यासमोरच स्लिप भरायला घेतली. जेल पेन होतं. नाव लिहून झालं, पॅन क्रमांक लिहिताना तळहात नावावरून फिरला आणि सगळं निळं झालं. "अगं, शाई धरतच नाही हा कागद," म्हणत त्यांनी फुंकर मारली, पदराने टिपलं, तरी पॅनमधलं ते अक्षर बी आहे की आठचा आकडा, ते कळेना. मुलामा दिलेल्या कागदात शाई मुरत नाही, वरच राहते. त्याच दिवशी घरी येऊन मी स्लिप फाडून बघितली, आणि खाते क्रमांकाचं लक्षात आलं. पन्नासेक पत्रकं वाटून झाली होती. बाकीची थांबवली.

पॅनचं एक अक्षर चुकलं तरी चालत नाही, म्हणून मी एवढी हटून बसले. तेव्हा प्राप्तिकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली देणगीदाराला कर-सवलत मिळायची तर न्यासाने वर्षभराच्या देणग्यांचं विवरण, १०बीडी फॉर्म, ३१ मेपर्यंत भरावं लागायचं. त्यातून निघायचं ते १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावं लागायचं. स्लिपवर म्हणून "नाव (पॅन कार्डावर आहे तसं)" असंच लिहा. नुसतं "नाव" लिहिलं की लोक "बापूसाहेब" असं घरचं नाव टाकतात.

दुसऱ्या वेळी मी आधी कोरा कागद घेतला, दोन घड्या घातल्या, पानांवर एक ते सहा आकडे लिहिले आणि स्लिपचं पान खरोखर फाडलं. हातात उरलं त्यावर खाते क्रमांक आणि क्यूआर ठेवला. स्लिपच्या मागे फक्त आमचा पत्ता. आत दुमडणारं पान ९७ मिलिमीटर, बाकीची दोन १०० आणि १००. तिन्ही सारखी ठेवली तर आतलं पान घडीत अडकून फुगतं. फाडायची टोचलेली रेघ घडीवर नको, तीनेक मिलिमीटर स्लिपच्या बाजूला घ्या. घडीवरच टोचली तर पत्रक चार हातांतून फिरेपर्यंत स्लिप आपोआप सुटते.

पॅनसाठी दहा चौकोन केले, पाच-पाच मिलिमीटरचे. त्याखाली यूपीआयच्या व्यवहार क्रमांकासाठी बारा. हे बारा चौकोन पहिल्या स्लिपवर नव्हते. खात्यात ५०० रुपये जमा झालेले दिसतात, पण पाठवणाऱ्याच्या नावाऐवजी कधी नुसता मोबाइल नंबर, कधी मुलाचं खातं. व्यवहार क्रमांक असला की स्लिप आणि पैसे यांची जोडी जमते.

रकमाही बदलल्या. आधी ५००, १,०००, ५,००० असे नुसते आकडे होते. आता "९,००० – एक रॅक" आणि "१,५०० – एका कपाटाला वाळवीचं औषध" असं लिहिलं, शेवटी "इतर" म्हणून मोकळी जागा. रोख देणाऱ्यांसाठी एक ओळ वाढवली, की २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी ८०जीसाठी धरली जात नाही.

परदेशातल्या मुलांचं राहिलंच. इंदूरच्या मराठी घरातला एक तरी मुलगा अमेरिकेत असतो, आणि आई-वडील त्याला पत्रकाचा फोटो पाठवतात. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाही. स्लिपवर "मी भारतीय नागरिक आहे" असा एक चौकोन ठेवा, म्हणजे कुणाचे पैसे परत करायची वेळ येणार नाही.

दुसरी छपाई दुसऱ्या प्रेसमध्ये केली, १२० जीएसएमच्या मॅपलिथोवर. फोटो जरा काळपट येतो, कारण शाई कागदात पसरते, म्हणून आधीच तो थोडा उजळ करून घेतला. एक छापलेली प्रत हातात घेऊन, प्रेसमध्येच बॉलपेन आणि जेल पेन दोन्हींनी भरून बघितली, आणि मगच होकार दिला. दिवाळीपर्यंत ६३ स्लिपा परत आल्या. प्रत्येक पॅन वाचता आला, याचं मला फार समाधान आहे.

खाली "काही सांगायचं असल्यास" म्हणून दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. एका आजींनी रॅकचे ९,००० पाठवले आणि तिथे लिहिलं, "नाव लावू नका. रॅक एवढा उंच नको की पहिलीच्या पोरांना मास्तरांना हाक मारावी लागेल." सहापैकी चार रॅक आम्ही साडेतीन फुटांचे करून घेतले.