चार नंबरचं बटण

फोंड्याच्या एका कार्यालयातून फोन आला तेव्हा मी पणजीत दुसऱ्याच कामात होतो. आवक नोंदीच्या नव्या सॉफ्टवेअरसाठी मी लिहिलेली पुस्तिका तिथे आदल्याच दिवशी छापली होती. पलीकडे तिथल्या ज्येष्ठ क्लार्कबाई होत्या. "बाब, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे चार नंबरचं बटण दाबते, पण नोंदच राहत नाही. अर्ध्या दिवसाच्या नोंदी गेल्या."

मला ते खरंच वाटेना, म्हणून बस पकडून गेलो. बाईंनी पान पुढे केलं आणि पोटात गोळा आला. ४ चा गोल 'जतन करा'वर नव्हता, त्याच्या वरच्या 'बंद करा'वर बसला होता. १, २, ३ हेसुद्धा एकेक ओळ वर सरकले होते. पण अर्जदाराचं नाव कुठे लिहायचं हे रकान्यावरच लिहिलेलं असल्याने तिथे बाई चुकल्या नव्हत्या. बटणाच्या बाबतीत मात्र त्यांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला.

सगळे आकडे सारख्याच अंतराने वर गेले होते, तिथेच कारण कळलं. मी वर्डमध्ये स्क्रीनशॉट टाकून त्यावर गोल वेगळे काढले होते. चित्र मजकुराच्या ओळीत होतं, गोल मात्र तरंगते, वरच्या परिच्छेदाला बांधलेले. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर माझा मराठी फाँट नव्हता. दुसरा फाँट आला, तो परिच्छेद दोन ओळींनी वाढला, चित्र साधारण एक सेंटिमीटर खाली गेलं आणि गोल जागच्या जागी राहिले. फाइल पीडीएफ करून पाठवली असती तरी हे टळलं असतं. पण उद्या कुणी वर्डमध्येच एक ओळ वाढवली, तर पुन्हा तेच.

म्हणून आकडे चित्रातच घालायचे ठरवलं. ग्रीनशॉट या स्क्रीनशॉट घेण्याच्या प्रोग्रॅममध्ये मूळ स्क्रीनशॉट उघडले. त्यातलं क्रमांकाचं साधन प्रत्येक क्लिकला पुढचा आकडा देतं. गोल बटणाच्या डावीकडे ठेवला, म्हणजे बटणावरची अक्षरं झाकली जात नाहीत. गडद गोलात पांढरा आकडा घेतला, कारण तिथला प्रिंटर काळा-पांढराच. पुढे बदल करता यावेत म्हणून पीएनजीबरोबर ग्रीनशॉटची स्वतःची फाइलही ठेवली. पीएनजीतला आकडा नंतर हलवता येत नाही.

पहिलं पान छापलं, तर आकडे बारीक. पूर्ण स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद, पानावर ती १६ सेंटिमीटरमध्ये आलेली, म्हणून २४ पिक्सेल उंचीचा आकडा जेमतेम २ मिलिमीटरचा झाला. स्क्रीनचा नोंदीचा तेवढा अर्धा भाग कापून त्याच रुंदीत बसवला, तेव्हा तो ४ मिलिमीटर झाला.

बाईंनी नवं पान कीबोर्डशेजारी ठेवलं, चष्मा न चढवता ४ वर बोट ठेवलं आणि नोंद केली. स्क्रीनवर आवक क्रमांक उमटला. मग सकाळच्या हरवलेल्या नोंदी आम्ही दोघांनी मिळून पुन्हा भरल्या. त्या वाचून दाखवत होत्या, मी टंकत होतो.