वकीलसाहेबांची फॉल्ट सरांच्या वाट्याला

कोल्हापुरातल्या एका क्लबात हौशी खेळाडूंच्या टेनिस डबल्सला मी पंच होतो. एकीकडे वकीलसाहेब आणि सर, दुसरीकडे डॉक्टर आणि गुळाचे व्यापारी शेठ. पहिला सेट सहा-सहा झाला, म्हणजे आता सेटचा निकाल लावणारा टायब्रेक.

सेटभर सर्व्हिस वकील, डॉक्टर, सर, शेठ या क्रमाने फिरली होती. बारा गेम झाल्यावर पाळी पुन्हा वकिलांची. टायब्रेकमध्ये हाच क्रम चालतो, फक्त पाळी लहान होते. पहिल्याची एकाच पॉइंटची सर्व्हिस, उजवीकडून. मग प्रत्येकाने दोन-दोन पॉइंट, आधी डावीकडून, मग उजवीकडून. सर्व्हिस घेणारे मात्र आपापली बाजू सोडत नाहीत. उजवीकडे डॉक्टर, डावीकडे शेठ, ते सेटभर तसेच.

वकिलांनी पहिला पॉइंट जिंकला, डॉक्टरांनी आपले दोन्ही. चौथा पॉइंट सरांचा होता, पण चेंडू वकिलांनीच उचलला. ही चूक मी खूपदा पाहिली आहे. पहिल्याने एकच सर्व्हिस केलेली असते, त्यामुळे आपली पाळी अजून शिल्लक आहे असं त्याला वाटतं. नेमका तेव्हा मी खाली मान घालून गुण लिहीत होतो, ही माझी चूक. वकिलांनी थेट एस मारला. दोन-दोन. पाचव्या पॉइंटची पहिली सर्व्हिस जाळीत गेली आणि शेठ ओरडले, "अवो, ही पाळी सरांची न्हवं का?"

मी खेळ थांबवला. शेठना चौथा पॉइंट पुन्हा खेळायचा होता. ते होत नाही, खेळलेला पॉइंट कायम राहतो. टायब्रेकमध्ये पाहायचं ते एवढंच, की चूक लक्षात आली तेव्हा एकूण किती पॉइंट झाले होते. सम असतील तर क्रम तिथल्या तिथे दुरुस्त करायचा, विषम असतील तर बदललेला क्रम तसाच चालू द्यायचा. इथे चार झाले होते. चेंडू सरांच्या हाती दिला आणि पुकारलं, "सेकंड सर्व्हिस."

वकील भडकले. "सरांनी अजून एक चेंडू मारला नाही, त्यांना दोन सर्व्हिस मिळायलाच पाहिजेत!" त्यांचं म्हणणं ऐकायला रास्त वाटतं, पण नियम वेगळा आहे. प्रतिस्पर्ध्याने चुकून सरांच्या पाळीत सर्व्हिस केली असती तर त्याची फॉल्ट, म्हणजे चुकलेली सर्व्हिस, रद्द झाली असती. एकाच जोडीतले दोघे चुकले तर फॉल्ट त्या जोडीची, ती उभी राहते.

सरांनी जपून, हळू चेंडू टाकला. डॉक्टरांनी तो जाळीकडे धावणाऱ्या वकिलांच्या पायाशी मारला. दोन-तीन.

सहाव्याला शेठ आले, तो पॉइंट त्यांनी गमावला. तीन-तीनवर बाजू बदलल्या. सातवाही शेठनाच करायचा होता. बाजू बदलताना पाळी अर्ध्यात तुटते, म्हणून त्या वेळी मी आधीच नाव पुकारलं. आठव्याला पुन्हा वकील, मूळ क्रमानेच.

डॉक्टर-शेठनी टायब्रेक सात-पाच असा जिंकला. टायब्रेकची पहिली सर्व्हिस वकिलांच्या जोडीची होती, म्हणून दुसऱ्या सेटची सुरुवात समोरच्या जोडीकडे आली. नव्या सेटला आधी कोण, हे जोडीने ठरवायचं असतं. डॉक्टरांनी चेंडू शेठकडे टाकला.