आमची वाटचाल: रिंग सावरली होती, लाईन मात्र थांबली

चाकणच्या त्या कारखान्याचं काम म्हणजे आमचं पहिलं मोठं काम. पेंट शॉपच्या कन्व्हेयरसाठी मॅनेज्ड नेटवर्क स्विचची एमआरपी रिंग, म्हणजे स्विच गोलात जोडायचे, एक वायर तुटली तरी नेटवर्क चालू राहावं म्हणून. एक स्विच मॅनेजर, तो आपला एक रिंग पोर्ट ब्लॉक ठेवतो आणि दोन्ही बाजूंनी टेस्ट फ्रेम फिरवतो, कुठे वायर तुटली की ब्लॉक पोर्ट उघडतो आणि ट्रॅफिक उलट्या बाजूने जातं. 200 मिलिसेकंदांच्या आत. आमच्या टेस्टमध्ये ते दरवेळी बरोबर झालं होतं.

मग एका शिफ्टमध्ये फोर्कलिफ्टखाली केबल आली आणि लाईन उभी. पॅनल बिल्डरने लगेच सांगून टाकलं, रिंग बोगस आहे. आमचं बिल अडकलं, वर दंड लावला, स्विच उधारीवर आणलेले, पोरांचे पगार थकले, दुकान बंद करायची वेळ आली.

तिथले मेंटेनन्सचे साहेब मात्र म्हणाले, रविवारी लाईन रिकामी असते, या आणि दाखवा. ट्रॅफिकची नक्कल देणाऱ्या मिरर पोर्टला लॅपटॉप, त्यावर फ्रेम टिपणारं वायरशार्क चालू, केबल काढली. मॅनेजरच्या लॉगमध्ये रिंग ओपन, पलीकडचा रस्ता चालू, तरी रिमोट आयओ, म्हणजे लाईनवरचे सेन्सर आणि मोटर कंट्रोलरला जोडणारे डबे, पडलेलेच. पीएलसीचं, म्हणजे लाईन चालवणाऱ्या कंट्रोलरचं सेटिंग उघडलं तर अपडेट टाइम 2 मिलिसेकंद आणि डेटा न येता चालणाऱ्या सायकल 3, म्हणजे 6 मिलिसेकंदांत पीएलसी समजणार की आयओ गेलं! रिंगने वळण घ्यायच्या आत पीएलसीने हात वर केलेले. मग अपडेट 16 केला, सायकल 16, म्हणजे 256 मिलिसेकंद. परत केबल काढली, फ्रेममधली गॅप 200 च्या आतच दिसली आणि आयओ जागचं हललं नाही. केबल जोडताना रिंग परत बंद होते, तेव्हाही बघून घेतलं. कन्व्हेयरला एवढी ढील चालते, सर्वो सिंक असेल तर नाही चालत, तिथे ही रिंगच पुरत नाही.

पॅनल बिल्डरने हे सेटिंग आम्हाला कधीच दाखवलं नव्हतं, तरी ठपका आमच्यावरच आला, हे अजून सलतं.

नवीन पोरांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. मॅनेजर स्विचचा फॉल्ट रिले, जो रिंग तुटली की पलटतो, तो हूटरला जोडा. पहिली वायर तुटली तर सगळं चालूच राहतं म्हणून कुणाला कळतच नाही, मग महिन्यांनी दुसरी तुटते आणि मधले स्विच एकदम गायब. आणि रिंगची जाणारी आणि परतीची केबल एकाच ट्रेमधून नेऊ नका, ट्रेवर काही पडलं तर दोन्ही एकदम जातात. स्वस्तात काम घेणारे अगदी हेच करतात, कारण केबल वाचते.

साहेबांनी तो लॉग वर पाठवला म्हणून बिल सुटलं. दंड मात्र कापूनच घेतला, आजपर्यंत परत नाही.