स्टाफरूमच्या दारातली मुलगी आणि कागदांचा गठ्ठा

आपल्याकडे कसं, "मे आय कम इन मॅम" म्हटलं की झालं, बऱ्याचदा तेही न म्हणता पोरं आत. मी टोकियोजवळच्या एका सरकारी शाळेत, म्हणजे सातवी ते नववीच्या मुलांना, इंग्लिश शिकवायला मदत करते, आणि इथं स्टाफरूममध्ये शिरणं म्हणजे एक छोटी परीक्षाच असते. दाराशेजारी कागद चिकटवलेला, आधी दप्तर बाहेर ठेवा, जॅकेट काढा, दार वाजवा, मग सरकवून उघडा आणि मोठ्याने "शित्सुरेई शिमासु" म्हणजे साधारण "आत येते, माफ करा" म्हणा, मग इयत्ता, तुकडी, नाव, कोणाकडे आणि कशासाठी आलात ते सांगा. हे सगळं तीसेक शिक्षकांसमोर, कारण सगळ्यांची टेबलं एकाच मोठ्या खोलीत असतात. वर पाठीमागे क्लबची चावी घ्यायला आलेली वर्गातली पोरं उभी.

आता ज्याला कामच असं आहे की मोठ्याने सांगता येत नाही, त्यानं काय करायचं?

पहिल्या वर्षी मी गाढवपणा केला. एक मुलगा दाराबाहेर घुटमळताना दिसला, मी आपली उत्साहाने त्याच्याकडे गेले, "आर यू ओके? व्हॉट हॅपन्ड?" आणि माझा आवाज तुम्हाला माहितीये, अख्खा कॉरिडॉर बघायला लागला. तो "दाइजोबू" म्हणाला आणि सटकला. दाइजोबू म्हणजे "ठीक आहे", पण इथं त्याचा अर्थ "नको, जाऊ द्या" असाही होतो हे मला नंतर कळलं.

गेल्या जूनमध्ये मग आठवीच्या एका मुलीच्या बाबतीत आमच्या एका सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षिकेने, जे केलं ते मी अगदी जवळून पाहिलं. दहा मिनिटांची सुट्टी, मुलगी दारापाशी, मागून दोघी आल्या तर तिनं त्यांना पुढे जाऊ दिलं, परत एकजण आला, त्यालाही. सेन्सेईंनी मान वर केली, "काय गं" वगैरे काही नाही, टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उचलला, दारात गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं भेटलीस, अर्धे धर, प्रिंटिंगच्या खोलीत न्यायचेत." झालं, बघणाऱ्यांसाठी ती कामाला लावलेली एक मुलगी. कोण बघतंय अशा मुलीकडे!

मी मशिनवर वर्कशीट काढत होते, त्या दोघी आल्या. सेन्सेई तिच्या समोर उभ्या राहिल्या नाहीत, शेजारी उभं राहून कागद जुळवत बसल्या आणि एकच विचारलं, "आत्ता काही करायला हवंय की शाळा सुटल्यावर चालेल?" मुलीने खाली पाहिलं. पायात पाहुण्यांसाठीच्या स्लिपर होत्या.

इथं शाळेत घालायचे बूट वेगळे, उवाबाकी म्हणतात, पांढरे कॅनव्हासचे. आमच्याकडे मुलं शुक्रवारी ते धुवायला घरी नेतात, त्यामुळे सोमवारी कुणी स्लिपरमध्ये दिसलं तर विसरला असेल म्हणून सोडून देतात. पण तो बुधवार होता. बूट कप्प्यात नव्हते. कुणी लपवले असतील हे तिला सांगायचं नव्हतं आणि सेन्सेईंनीही विचारलं नाही.

दुसरे द्यायचे तर त्यात पण गंमत, बुटाच्या पुढच्या टोकाचा रंग इयत्तेप्रमाणे असतो, त्या वर्षी आठवीचा हिरवा. नर्सबाईंच्या खोलीत जुन्या बुटांचा खोका असतो, पण त्यात जास्त करून पास होऊन गेलेल्यांचे, त्यांचा रंग लाल, आणि तोच त्या वर्षीच्या सातवीला मिळालेला. लाल घालून वर्गात गेली असती तर स्लिपरच बऱ्या होत्या. शेवटी खोक्याच्या तळाशी एक हिरवा जोड सापडला, तिच्याच इयत्तेतल्या कुणाचा, पाय वाढला म्हणून सोडलेला, २४ सेंटीमीटर. तिला २३.५ लागतो, सेन्सेईंनी टाचेत टिश्यू कोंबला.

मग तिनं हळूच विचारलं, कुणाला सांगू नका ना. मी असते तर लगेच प्रॉमिस केलं असतं. सेन्सेई म्हणाल्या, "वर्गात नाही सांगणार. पण इयत्ताप्रमुखांना आणि नर्सबाईंना सांगावं लागेल, मी एकटीने ठेवून चालणार नाही." खरंच चालत नाही, २०१३ च्या छळविरोधी कायद्याने शिक्षकाला नुसता संशय आला तरी शाळेला कळवावं लागतं. मुलगी जरा गप्प झाली, मग मान हलवली. पुढचं बोलणं रोजच्या डायरीत लिहायचं ठरलं, ती वही सगळ्यांचीच सेन्सेईंकडे जाते म्हणून तिची वेगळी दिसत नाही.

जाताना सेन्सेई दारातून, बाहेरच्यांना ऐकू जाईल इतपत, "थँक्यू हं, मोठं काम झालं" म्हणाल्या. मुलगी वर्गात गेली, बूट थोडे सैल वाजत होते.

मी तो गठ्ठा उचलून विचारलं, हे किती कॉप्या काढू? "अगं ते कशाला," सेन्सेई म्हणाल्या, "मागच्या वर्षीचे पेपर आहेत, रद्दीत टाकायचेत."