तुम्ही विचारलंत म्हणून: थायरॉइडची गोळी आणि आत्याचा आयएनआर

"थायरॉइडची गोळी थायरॉइडसाठी, वॉरफरिन हार्टसाठी. एकाचा डोस बदलला तर दुसरीचा आयएनआर कशाला बघायचा?"

वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि आयएनआर म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते दाखवणारा आकडा. फोंड्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानात हे विचारणाऱ्यांना आधी मी छापील पत्रक द्यायचे. पत्रकातलं 'औषधांची परस्परक्रिया' हे वाचून लोक समजतात, दोन गोळ्या पोटात एकमेकींशी भांडतात, म्हणून एक सकाळी नि दुसरी रात्री घेतली की झालं. इथे तसं काहीच नाही. यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं. ते बनणं वॉरफरिन कमी करतं, आणि बनलेले घटक किती झपाट्याने संपतात हे थायरॉइड हार्मोन ठरवतं. पाण्याच्या टाकीसारखं आहे: वॉरफरिन वरचा नळ बारीक करतं, थायरॉइड खालचं भोक मोठं किंवा लहान करतं. थायरॉइड कमी असलं की भोक लहान, घटक टिकून राहतात आणि वॉरफरिन जास्त लागतं. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू झालं की भोक मोठं होतं. नळ आधीइतकाच बारीक, म्हणून टाकी रिकामी होऊ लागते, म्हणजे आयएनआर वर चढतो.

माझ्या आत्याच्या हृदयात धातूची मायट्रल झडप आहे. तिचा आयएनआर अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा असतो. बरीच वर्षं रोज 5 मिलिग्रॅमवर तो बसायचा. मग खाली यायला लागला आणि डोस वाढवत वाढवत 7 वर नेला. कारण विचारलं की उत्तर एकच, 'तांबडी भाजी खाता ना?' पालेभाजीतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनच्या विरुद्ध जातं, म्हणून. आत्याने तांबडी भाजी सोडली, मग मुळ्याचा पाला सोडला. घरातले ताटात डोकावून बघायचे. तिला जेवणच नकोसं झालं होतं, सदा थंडी वाजायची, आवाज जाड झाला होता. शेवटी थायरॉइड कमी पडलं की वाढणारा टीएसएच तपासला, तो 48 निघाला, म्हणजे थायरॉइड फारच कमी. भाजीचा काही दोष नव्हता!

थायरॉक्सिन 25 मायक्रोग्रॅमने सुरू झालं, मग 50. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सहा आठवड्यांनी टीएसएच'. थायरॉइडच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पातळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. पण आयएनआरची तारीख कोणीच लिहिली नाही. थायरॉइड बघणाऱ्यांना वाटलं हार्टवाले बघतील, हार्टवाल्यांना नवी गोळी सुरू झाल्याचं ठाऊकच नव्हतं. चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधत असताना, आत्याच्या नाकातून रक्त सुरू झालं आणि थांबेना. दंडावर काळेनिळे डाग होते, ते तिने लपवले होते, पुन्हा कोणी ताट तपासेल म्हणून. आयएनआर 6.8. दोन दिवस वॉरफरिन बंद ठेवलं आणि व्हिटॅमिन के अगदी थोडं, तोंडाने दिलं. जास्त दिलं असतं तर वॉरफरिन पुढे बरेच दिवस लागू पडलं नसतं आणि झडपेवर गुठळी धरण्याचं भय होतं. थायरॉइड नॉर्मलला आल्यावर डोस पुन्हा 5 वर आला, म्हणजे आठवड्याला 49 ऐवजी 35 मिलिग्रॅम.

तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, थायरॉक्सिन सुरू होणार म्हटल्यावर वॉरफरिन आधीच कमी करून घ्या. आज सांगत नाही. परिणाम हळूहळू, काही आठवड्यांत चढतो. पहिल्याच दिवशी डोस कापला तर मधल्या काळात झडपेवर गुठळी धरण्याचं भय राहतं. आयएनआर दर आठवड्या-पंधरवड्याने बघत, जसा चढेल तसा डॉक्टरांनी डोस उतरवायचा. थायरॉक्सिनचा डोस बदलला किंवा गोळी बंद पडली तरी तसंच. टीएसएच जागेवर आणि डोस ठरलेला असेल तर हे जास्तीचं तपासणं नको. थायरॉइड जास्त असून ते उतरवणारं कार्बिमॅझोल सुरू केलं तर सगळं उलट: आयएनआर खाली येतो, वॉरफरिन वाढवावं लागतं.

आत्या नाडी आवरणारं डिगॉक्सिनही घेते, आणि तिथे दिशा वेगळी. थायरॉइड कमी असताना ते मूत्रपिंडातून कमी बाहेर पडतं आणि रक्तात साचतं. भूक नाही, मळमळ, मंद नाडी. यातलं थायरॉइडचं किती नि डिगॉक्सिनचं किती, हे नुसतं बघून कळत नाही, रक्तातली पातळी मोजावी लागते. थायरॉक्सिनने पातळी उतरते आणि जुना डोस अपुरा पडून नाडी धावू शकते. म्हणजे एकाच बाईचं वॉरफरिन कमी करायचं आणि त्याच महिन्यात डिगॉक्सिन कदाचित वाढवायचं.

मधुमेहवाल्यांनो, तुमचंही यात आहे. थायरॉक्सिन सुरू झाल्यावर साखर थोडी चढू शकते. जास्त धोका उलट बाजूला: वाढलेलं थायरॉइड कार्बिमॅझोलने उतरलं की इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा तोच डोस भारी पडतो, घाम, थरथर, साखर खाली. त्या आठवड्यांत घरी साखर मोजा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा.

टीएसएच जेमतेम 7-8 असलेल्यांच्या आयएनआरमध्ये किती फरक पडतो, यावर माझा आणि माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीचा वाद अजून मिटलेला नाही. ती म्हणते, फारसा नाही, उगाच घाबरवू नकोस. मी गोळीच्या पाकिटावर आयएनआरची तारीख तरीही लिहून देते.