तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिएटिनिन नॉर्मल, मग किडनी कमी कशी?

"दादा, आईला वीस वर्षं बीपी आहे. क्रिएटिनिन १.१ आलंय, रिपोर्टवर नॉर्मलमध्येच दाखवतंय, पण खाली ईजीएफआर ५५ लिहिलंय आणि डॉक्टर म्हणतात किडनीकडे लक्ष द्यायला हवं. नक्की कुठला आकडा खरा धरायचा?"

दोन्ही खरे आहेत. मी लॅबमध्ये काम करतो, रोज शेदीडशे क्रिएटिनिन माझ्या हाताखालून जातात, आणि तरी हा घोळ माझ्या स्वतःच्या आईच्या बाबतीत मला सहा वर्षं दिसला नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा कचरा. ज्याच्या अंगात जितके स्नायू तितका कचरा, रोज साधारण सारखाच. किडनी तो गाळून लघवीतून बाहेर टाकते. आता गाळण्याचा वेग निम्मा झाला तर काय होतं, कचरा साचत साचत रक्तातलं प्रमाण दुप्पट होतं आणि तिथे थांबतं, कारण दुप्पट घट्ट रक्त निम्म्या वेगाने गाळलं की परत रोजचा हिशोब जुळतो. म्हणजे ज्या बाईचं मूळचं क्रिएटिनिन ०.६ होतं तिची गाळण निम्म्यावर आली तरी आकडा १.२ च्या आसपासच दिसणार, आणि बऱ्याच लॅबच्या रेंजमध्ये तो जेमतेम आत नाहीतर केसभर बाहेर. ना ठळक अक्षर, ना स्टार. रेंज मोठ्या घोळक्याची असते हो, तुमच्या आईची नसते.

ईजीएफआर हे वेगळं सॅम्पल नाही, वेगळं मशीन नाही. तेच क्रिएटिनिन घेऊन त्यात वय आणि स्त्री की पुरुष एवढं घालून सूत्राने काढलेला अंदाज, की मिनिटाला साधारण किती मिली रक्त गाळलं जातंय. आम्ही २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र वापरतो. त्यात १.१ घाला, ६६ वर्षांची बाई घाला, ५५ येतं. तेच १.१ तीस वर्षांच्या पोराचं असेल तर नव्वदीच्या वर जातं. आकडा एकच, पण त्या पोराच्या अंगात स्नायू भरपूर, कचराच जास्त तयार होतो, म्हणून त्याला १.१ शोभतं.

आता आमच्या आईचं. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत तिचे जुने रिपोर्ट ठेवलेले असायचे. साठाव्या वर्षी ०.९, त्रेसष्टाव्या वर्षी १.०, सहासष्टाव्या वर्षी १.१. तिन्ही नॉर्मल म्हणून तिन्ही वेळा घडी घालून परत पिशवीत. तेव्हा ईजीएफआर छापून येत नव्हतं, एक दिवस सहज बसून मीच काढलं तर ७३, ६३, ५५. सहा वर्षांत अठराने खाली. वयाने थोडं उतरतंच, चाळिशीनंतर वर्षाला एखादा मिली धरतात, पण हे तीन होतं. आणि १.० चं १.१ झालं एवढ्या एकाच फरकावर मी कधीच बोललो नसतो, कारण तेच रक्त दुसऱ्या मशीनवर लावलं तरी तेवढा फरक पडू शकतो. तिन्ही ओळीत ठेवल्यावर कळलं. साठच्या खालचा आकडा तीन महिन्यांनी परत करून तसाच राहिला तरच तो किडनीचा जुना आजार म्हणायचा, तसं केलं, तसाच आला.

डॉक्टरांनी मग सकाळच्या लघवीचं एसीआर करायला लावलं, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन किती झिरपतंय ते. ही टेस्ट बीपीवाल्यांना कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. तीसच्या आत हवं, आईचं १२० आलं. वर्षानुवर्षं जास्त प्रेशरने रक्त आत येत राहिलं की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, रक्त गाळणाऱ्या जाळ्या झिजतात, आणि राहिलेल्या जाळ्यांवर जास्तीचा भार येतो. आई बीपीसाठी फक्त अ‍ॅम्लोडिपिन घेत होती, त्यात टेल्मिसार्टन ४० जोडलं आणि तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत करा म्हणाले.

आलं १.३. ईजीएफआर ४५! घरात एकच गोंधळ, मामा म्हणाले ही गोळीच किडनी खातेय, बंद करा, आणि मी, लॅबवाला माणूस, दोन दिवस बंद केलीसुद्धा. डॉक्टर चिडले. मग कागदावर काढून दाखवलं की जाळीत रक्त एका बारीक नळीने आत येतं आणि दुसरीने बाहेर जातं, ही गोळी बाहेर जाणारी नळी सैल करते, आतलं प्रेशर उतरतं, म्हणून गाळण सुरुवातीला थोडी कमी होते आणि क्रिएटिनिन थोडं चढतं. हे गोळीचं काम चालू असल्याचं लक्षण. १.१ चं १.३ म्हणजे अठरा टक्के वाढ, तीस टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर गेलं, किंवा पोटॅशियम साडेपाचच्या वर गेलं, तर मात्र ते डोस कमी करतात आणि कारण शोधतात, किडनीला रक्त नेणारी मोठी नळीच तर अरुंद नाही ना वगैरे. आईचं पोटॅशियम ४.८ होतं. गोळी परत सुरू, तीन महिन्यांनी एसीआर १२० वरून ४५ वर, आणि क्रिएटिनिन आज दोन वर्षं १.२ ते १.३ मध्येच फिरतंय.

मध्ये एकदाच बिघडलं. गुडघे दुखतात म्हणून तिने मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून चार-पाच दिवस घेतली, त्यातच जुलाब लागले, वर टेल्मिसार्टन चालूच. क्रिएटिनिन १.९. पेनकिलरने आत येणारी नळी आवळली, गोळीने बाहेरची सैल केलेली, अंगात पाणी नाही, मग जाळीत रक्त ढकलायला प्रेशर उरतं कुठे. त्या दिवशीचं ईजीएफआर बघूच नका, क्रिएटिनिन चढत असताना किंवा उतरत असताना ते सूत्र लागूच होत नाही. सलाईन लागली, पेनकिलर बंद, टेल्मिसार्टन डॉक्टरांना विचारून थोडे दिवस थांबवली, पंधरा दिवसांत परत १.३.

आणि एक उलटी फसवणूक. माणूस अंथरुणाला खिळून वाळला असेल तर स्नायूच उरलेले नसतात, क्रिएटिनिन ०.७ आणि ईजीएफआर नव्वदच्या घरात दिसतं, पण किडनी तेवढी चांगली नसतेही. तिथे सिस्टाटिन सी नावाची टेस्ट असते, ती स्नायूंवर अवलंबून नसते, महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. तरण्या पोरांचं याच्या उलट, जिमची क्रिएटिन पावडर किंवा आदल्या रात्रीचं भरपूर मटण, दोन्हीने आकडा उगाच वर जातो.

तेव्हा तुमच्या आईचं आत्ता एकच करा, जुने जितके रिपोर्ट मिळतील तितके काढा, तारखेप्रमाणे लावा, प्रत्येकावर तेव्हाचं वय लिहा. ईजीएफआर छापलेलं नसेल तर मला पाठवा, मी काढून देतो. आणि एसीआर केलंय का ते बघा, माझा अंदाज आहे की केलेलं नसणार.